चवथीचे पैसे आणि आनंदाने देणे: सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी चार बैठकांचा पाठ

चवथीला मूळ घरी सगळं कुटुंब जमतं. मुलं घुमटाच्या आरतीत टाळ बडवतात, मोठ्यांच्या पाया पडतात आणि प्रत्येक नमस्कारामागे हातात एखादी नोट पडते. वर्षभरात मुलाकडे एकरकमी पैसे येण्याची गोव्यातल्या बहुतेक घरांतली ही सगळ्यात मोठी वेळ. म्हणून देण्याचा पाठ घ्यायचा तर चवथ संपल्यावरच्या पंधरवड्यात सुरू करावा. हातात पैसे असतात आणि ते कशात घालवायचे हे अजून पुरतं ठरलेलं नसतं.

हा पाठ आठ ते बारा मुलांच्या गटासाठी मांडला आहे. शाळेचा एखादा वर्ग असो, वाचनालयातला बालगट असो की देवळाच्या सभामंडपात रविवारी भरणारा संस्कारवर्ग, कुठेही तो घेता येतो. आठवड्याला एक अशा चार बैठका, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटांच्या. घरी एकट्या मुलाबरोबर करायचा असेल तरी क्रम हाच ठेवावा, फक्त पहिल्या बैठकीतल्या खेळाला शेजारची दोन मुलं बोलवावी लागतील.

साऱ्या पाठाचा कणा एका क्रमात आहे: आधी माणूस, मग वस्तू आणि शेवटी पैसे. आपल्याकडे हे सहसा उलटं होतं. "तुझ्या पैशांतले थोडे कुणाला तरी दे" असं सांगून सुरुवात होते, मग किती द्यायचे याची घासाघीस होते आणि ज्याला द्यायचं तो माणूस शेवटी कुठेतरी उगवतो, किंवा उगवतच नाही. मुलाच्या दृष्टीने तो कर भरल्यासारखा व्यवहार होऊन बसतो. तीन डब्यांची पद्धत अनेक घरांत चालते: एक खर्चाचा, एक साठवण्याचा आणि एक 'वाट्याचा', ज्यात दर वेळी दहावा हिस्सा टाकायचा. हिशोब शिकवायला ती चांगली आहे, पण देण्यातला आनंद शिकवायला नाही. तिसऱ्या डब्यात पैसे पडले की ते मुलाच्या मनातून वजा होतात. पुढे ते कुणालाही गेले तरी त्याला काही वाटत नाही, कारण ते त्याच्या हातून गेलेलेच नसतात.

'वाटून घ्यावं' हे मुलांना समजावून सांगण्यातही वेळ घालवू नये. ते त्यांना ठाऊक असतं. 2013 साली स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या संशोधकांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन पाहिलं. अगदी लहान मुलंही 'निम्मे-निम्मे करायला हवेत' असं म्हणाली, पण प्रत्यक्षात त्यांनी स्वतःकडे जास्त ठेवले. सात-आठ वर्षांची मुलं मात्र बोलल्याप्रमाणे वागण्याच्या जवळ आली होती. म्हणून हा पाठ सात वर्षांपासून पुढे ठेवला आहे. त्याहून लहान मुलांशी बिस्किटं आणि खेळण्यांवर थांबावं, पैशांपर्यंत जाऊ नये.

सुरुवातीआधी पालकांशी बोलणं

पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी पालकांना बोलवा किंवा चिठ्ठी पाठवा. चार गोष्टी मागायच्या असतात आणि चारही पाळल्या नाहीत तर पाठ फसतो.

पहिली, चवथीचे पैसे खरोखर मुलाच्या हातात द्या. 'मी ठेवते तुझ्यासाठी' म्हणत आईच्या पर्समध्ये गेलेले पैसे मुलाच्या लेखी संपलेले असतात. मुंबईच्या मामाने किंवा दुबईच्या काकाने फोनवरून बाबांच्या खात्यात पाठवलेले पैसे तर त्याने पाहिलेलेही नसतात. तेवढी रक्कम रोख काढून त्याच्या हाती द्यावी.

दुसरी, सुटे करून द्या. पाचशेची एकच नोट असलेलं मूल सहसा काही देत नाही, आणि त्यात कंजूषपणाचा भाग थोडाच असतो. नोट मोडली की सगळीच गेली असं त्याला वाटतं. पाचशेचे वीस, पन्नास आणि शंभरात सुटे केले की तेच मूल वेगळा विचार करू लागतं.

तिसरी, भर घालू नका. मुलाने चाळीस रुपये काढले आणि आईने 'बरं दिसत नाही' म्हणून वर साठ घातले, तर भेट आईची झाली. हे सांगूनही काही पालक गुपचूप भर घालतातच. लाज मुलाच्या रकमेची नसते, आपल्या घराची असते. तेव्हा चिठ्ठीत स्पष्टच लिहावं की या पाठातली भेट मुलाकडून आहे, घराकडून नाही, आणि ज्यांना ती मिळेल त्यांनाही हे माहीत असेल.

चौथी, किती दिले ते विचारू नका आणि कुणाला सांगू नका.

पहिली बैठक: सांगून दिलेलं आणि आपणहून दिलेलं

या बैठकीत पैशांचा विषयही काढायचा नाही. प्रत्येक मुलासाठी सहा स्टिकर आणि दोन कागदी पाकिटं लागतात. स्टिकर मुलांना खरोखर हवेसे वाटतील असे घ्यावेत. स्वस्तातले फिकट ठिपके आणले तर ते देताना काहीच जात नाही आणि खेळ पोकळ होतो.

मुलांना जोडीने समोरासमोर बसवा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला तीन स्टिकर द्या आणि सांगा, "यातला एक समोरच्याला द्या." सगळे देतील, दहा सेकंदांत संपेल. दुसऱ्या फेरीत आणखी तीन द्या. या वेळी सांगा, "हे तुमचे. हवे तर तिन्ही पाकिटात घालून घरी न्या. त्यातला एखादा समोरच्याला द्यावासा वाटला तर द्या. मी बघणार नाही." आणि खरंच पाठ फिरवून खिडकीबाहेर बघा. दोन मिनिटं पुरतात. सोबत दुसरे शिक्षक असतील तर त्यांनीही पाठ फिरवावी, नाहीतर मुलं त्यांच्याकडे बघत राहतात.

मग एकच प्रश्न विचारा: "कुठल्या वेळी तुम्ही समोरच्याच्या तोंडाकडे बघितलंत?" पहिल्या फेरीत नजर स्टिकरवर किंवा टीचरवर असते. दुसऱ्या फेरीत ज्याने दिला त्याची नजर समोरच्याकडे जाते, कारण तो कुठला स्टिकर आवडेल हे ताडत असतो. मुलं हे स्वतःच सांगतात. त्यावर भाष्य करू नका. ज्यांनी एकही दिला नाही त्यांना हात वर करायला तर मुळीच लावू नका.

ही दुसरी फेरी पोकळ ठरू नये, तिथे 'नाही' म्हणायची खरी मोकळीक हवी, यामागे कारण आहे. चेर्न्याक आणि कुश्नीर या दोन संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोगही 2013 चाच. उदास झालेल्या एका बाहुलीला आपला स्टिकर द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा, हे काही मुलांना स्वतः ठरवू दिलं. काहींना 'द्यायलाच हवा' असं सांगितलं. नंतर दुसऱ्या बाहुलीशी वाटून घेण्याची वेळ आली तेव्हा, आधी ज्यांनी स्वतःचं काहीतरी सोडायचा निर्णय स्वतः घेतला होता त्यांनी जास्त दिलं. सांगून दिलेलं मूल 'टीचरने सांगितलं म्हणून दिलं' एवढंच शिकतं. आपण देणारे आहोत हे त्याला त्यातून कळत नाही.

दुसरी बैठक: माणूस शोधणं

प्रत्येक मुलाला एक कोरा कागद द्या. त्यावर आठवड्यातून किमान एकदा प्रत्यक्ष दिसणाऱ्या सहा माणसांची चित्रं काढायची, घरातली आई-बाबा सोडून. चित्र कसं येतं याला महत्त्व नाही. पहाटे भोंपू वाजवत सायकलवर येणारा पोदेर, बालरथातली अटेंडंट ताई, आते-मामे भावंडं, शेजारच्या आजी, वर्गातली नवी मुलगी, फुलं विकणारी बाई. चित्राखाली त्या माणसाबद्दल एक गोष्ट लिहायची: त्याला काय आवडतं, किंवा त्याला कशाची अडचण होते.

या बैठकीतलं खरं काम पुढच्या प्रश्नात आहे: "हे तुला कसं कळलं?" मूल म्हणतं, "ताईला चॉकलेट आवडतं." कसं कळलं? "सगळ्यांनाच आवडतं." याचा अर्थ ताईला काय आवडतं हे त्याला ठाऊक नाही. असं झालं की उत्तर चूक ठरवू नका, आठवडाभराचं निरीक्षण द्या. ताई बालरथात काय करते, कशावर हसते, कशाने वैतागते ते बघून ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत आठवड्याचं अंतर ठेवलंय ते यासाठीच, ते कमी करू नये.

इथे बरेच गट एका मोहात पडतात. सगळ्या मुलांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि एखाद्या आश्रमात बिस्किटं-फळं वाटायला न्यायचं. हेतू चांगला असतो, पण पहिल्या पाठासाठी हे चुकीचं ठिकाण. मूल रांगेत उभं राहतं, समोरच्या मुलाचं नाव त्याला माहीत नसतं, मागून कुणीतरी फोटो काढत असतं आणि परत येताना बसमध्ये 'आपण किती भाग्यवान' हे ऐकावं लागतं. त्यातून मूल दया शिकतं, फार तर आभार मानायला शिकतं. आनंद यायला समोरचा माणूस ओळखीचा लागतो आणि आपल्या वस्तूचं पुढे काय झालं हे दिसावं लागतं. दोन-तीन वर्षं ओळखीच्या माणसांना देऊन झालं की अनोळखी माणसाची कल्पना करणं मुलाला जमतं, तेव्हा आश्रमाचा विचार जरूर करावा. वर्गात फिरवल्या जाणाऱ्या मदतनिधीच्या पाकिटालाही हेच लागू पडतं. ते पाकीट शाळेसाठी चालू राहू दे, फक्त ते म्हणजे हा पाठ नव्हे.

घरात आधीपासून चालत आलेली एक रीत मात्र इथे कामाला येते. चवथीला नेवऱ्यांचं ताट शेजारच्या ख्रिश्चन घरी जातं, नाताळात तिकडून दोदोल आणि बिबिंकचं ताट येतं. ते ताट पोचवायला बहुतेक वेळा मुलांनाच पाठवतात. मुलाला विचारा, त्या घरातलं कोण काय म्हणालं, कुणी लगेच खाल्लं, कुणी झाकून ठेवलं. ताट घराचं असल्यामुळे मुलाचं त्यात काही जात नाही. पण माणसं बघण्याचा सराव यातून फुकट होतो.

तिसरी बैठक: वस्तू आणि मग पैसे

आता मुलं माणूस ठरवून येतात. कुणाचा माणूस ठरला नसेल तर त्याने या वेळी काही देऊ नये, नुसतं गटात बसावं. त्याला ढकलू नका.

प्रत्येक मुलाने आपल्या माणसासाठी एक गोष्ट सुचवायची आणि गटाने तिला फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. तो हे कधी वापरेल? कुठे ठेवील? त्याच्याकडे आधीच आहे का? तू असताना वापरेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. बरोबर बसून खाता, खेळता, वाचता किंवा लावता येईल अशी वस्तू निवडली की मुलाला आपल्या देण्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो.

यानंतर पैसे. हिशोब मुलाने आपल्या वहीत एकट्याने करायचा, आकडे गटात वाचून दाखवायचे नाहीत. खालची मर्यादा नसावी, शून्यही चालेल. वरची मर्यादा मात्र मोठ्यांनी घालून द्यावी: पहिल्या खेपेला हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा, आणि तोही शंभर रुपयांच्या आत. वरची मर्यादा कशाला, असं काही पालकांना वाटतं. भरात येऊन सगळेच पैसे देणारं मूल दर गटात एखादं तरी असतं. त्या संध्याकाळी सगळे त्याचं कौतुक करतात आणि चार दिवसांनी मित्राच्या हातात नवी बॅट दिसली की ते रडतं. देण्याबरोबर पश्चात्ताप जोडला गेला की पुढच्या खेपेला ते हात आखडता घेतं.

एक उदाहरण पूर्ण पाहू. फोंड्याची चौथीतली मुलगी. चवथीचे जमलेले पैसे: आजीकडून शंभर, मोठ्या काकांकडून दोनशे, मामाकडून शंभर, आत्याकडून पन्नास आणि शेजारच्यांकडून पन्नास. एकूण 500. तिला बॅडमिंटनची रॅकेट घ्यायची आहे, तिला 280 लागतात. माघातल्या मंगेशीच्या जत्रेत खर्चायला शंभर बाजूला ठेवायचे आहेत. उरतात 120. चौथा हिस्सा 125 होतो, पण शंभराची मर्यादा असल्यामुळे तिला जास्तीत जास्त शंभरच देता येतील.

तिचा माणूस म्हणजे वाड्यावरचा दुसरीतला मुलगा. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, शाळेत जात नाही. तिच्या डोक्यात आलेली पहिली वस्तू रंगवायची वही आणि खडूंचा डबा, दोन्ही मिळून 110. मर्यादेपेक्षा दहा जास्त. इथे मोठी माणसं "स्वस्तातले खडू घे" असं सुचवून मोकळी होतात. गटाने मात्र ठरल्याप्रमाणे विचारलं, तो हे कधी वापरेल? आणि मुलीच्याच लक्षात आलं की त्याचा रंगवायचा हातच बांधलेला आहे. मग तो दिवसभर काय करतो? टीव्ही बघतो आणि बाल्कनीतून हाका मारतो, म्हणजे त्याला कुणीतरी सोबत हवं आहे. डाव्या हाताने काय करता येईल? फासा टाकता येईल. शेवटी ठरलं, एका बाजूला सापशिडी आणि दुसऱ्या बाजूला लुडो असलेला पुठ्ठा, साठ रुपये, आणि खेळताना खायला दहाची चिक्की. एकूण सत्तर. रॅकेटचे 280 आणि हे 70 वजा जाता तिच्याकडे 150 राहिले: शंभर जत्रेला आणि पन्नास सहज. भेट चाळीस रुपयांनी स्वस्त झाली आणि जास्त उपयोगाची ठरली. आधी रक्कम ठरवली असती तर शंभराच्या आत बसतील असे खडू आले असते आणि डबा फडताळात पडून राहिला असता.

खरेदी मुलानेच करावी. मोठ्याने दुकानापर्यंत सोबत जावं, पण पैसे मुलाने मोजून द्यावेत आणि सुटे स्वतः परत घ्यावेत. आपला पैसा हातातून गेला हे त्याला जाणवायला हवं, कारण आनंदाचा संबंध तिथेच लागतो. व्हँकुव्हरच्या अॅकनिन, हॅम्लिन आणि डन यांनी 2012 साली दोन वर्षांच्याही आतल्या बाळांचे चेहरे टिपले होते. बाळं खाऊ देताना हसत होतीच. पण मोठ्याने पुढे केलेला तसाच खाऊ बाहुलीला देण्यापेक्षा, स्वतःच्या वाटीतला देताना त्यांचे चेहरे जास्त खुलले.

देण्याचा दिवस

हा बैठकीचा भाग नाही. तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीच्या मधल्या आठवड्यात मुलाने सोयीने द्यावं. चकचकीत कागद आणि रिबन लावू नये. साधी पिशवी पुरते. भेट जितकी सजवलेली, तितकी समोरच्या घराला परतफेडीची काळजी लागते. आपल्याकडे कुणाचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, त्यामुळे ही अडचण हमखास येते. मूल सापशिडी घेऊन गेलं आणि येताना त्या घरच्या आईने हातात चॉकलेटचा डबा कोंबला, तर मुलाच्या डोक्यात देवाणघेवाणीचा हिशोब पक्का होतो. त्या घरी आधी एक फोन करून ठेवावा: ती येतेय, तिच्या मनाने काहीतरी आणतेय, परत काही देऊ नका, दोघांना खेळू द्या.

मुलाने काय बोलायचं? "हे तुझ्यासाठी" एवढंच. भाषण पाठ करून घेऊ नये. मोठा सोबत असेल तर त्याने दारातच बोलत उभं राहावं आणि फोन खिशात ठेवावा. फोटो काढला की मुलाची नजर समोरच्यावरून कॅमेऱ्याकडे वळते, आणि पहिल्या बैठकीत जे कमावलं ते त्या क्षणी जातं.

चौथी बैठक: पुढे काय झालं

गोल करून बसा. किती दिले आणि काय दिलं हे विचारायचं नाही. प्रश्न एकच: "त्याने मग काय केलं?" मुलगी सांगते की त्याने डाव्या हाताने फासा टाकला तो खाटेखाली गेला, मग दोघांनी शोधला, तिसऱ्या डावात तो चिडला आणि सोंगट्या उधळल्या. हे सगळं येऊ द्या. टीचरने मध्ये "म्हणजे बघा, दिल्याने किती आनंद होतो" असं म्हटलं की पुढची मुलं तेच वाक्य आपल्या गोष्टीला जोडू लागतात आणि खरं बोलणं थांबतं.

शाबासकीपेक्षा घडलं ते परत सांगावं. "फार गुणी बाय हो तू" याऐवजी "तू गेलीस म्हणून त्याची दुपार सरली." कौतुकाचा एखादा शब्द तोंडातून गेला म्हणून बिघडत नाही. बक्षिसाने मात्र बिघडतं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांच्या 2008 च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या बाळांना मदत केल्यावर दर वेळी खेळणं मिळालं, तेव्हा पुढे त्यांची मदत कमी झाली. नुसती स्तुती मिळालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या बाळांची झाली नाही. तेव्हा प्रमाणपत्र, फळ्यावर नावं, 'दानशूर विद्यार्थी' असा बिल्ला, यातलं काहीही नको. गटात तर स्तुतीही जपून वापरावी, कारण एकाला म्हटलेलं दहाजण मोजत असतात.

ज्यांनी काही दिलं नाही त्यांना गोलातून वगळू नका. "तू पैसे कशासाठी ठेवलेस?" असं विचारा आणि तितक्याच लक्षाने ऐका. सायकलसाठी ठेवलेत, हे चांगलं उत्तर आहे. आणि ज्यांचं देणं फसलं त्यांना वेळ द्या. समोरच्याने वस्तू न बघता बाजूला ठेवली, किंवा आजी म्हणाल्या "कशाला पैसे घालवलेस?" मूल हिरमुसलेलं असतं. त्याला विचारा, पुन्हा त्याच माणसाला काही द्यायचं झालं तर काय वेगळं करशील? बहुतेक वेळा उत्तर असतं की आजींना वस्तू नको होती, कुणीतरी पेपर वाचून दाखवायला हवं होतं. म्हणजे माणूस बघण्याचं काम पुरं झालं नव्हतं. आणि कधी कधी आजींचा तो दिवसच वाईट असतो, हेही मुलाला सांगायला हरकत नाही.

मिळालेल्या भेटवस्तूंचं काय

पैसे वाटले जातात, वस्तूंचं तसं नाही. वाढदिवसाला आलेली रिमोटची गाडी अर्धी देता येत नाही. त्यामुळे भेटवस्तूंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: वापरायला देणं आणि देऊन टाकणं.

वापरायला देण्याचं भांडण बहुधा पाहुणे आल्यावर होतं. "दे रे त्याला थोडा वेळ, तो पाहुणा आहे" हे वाक्य फार महाग पडतं. पाहुणे यायच्या आधी मुलाला सांगावं, "कुणाच्याही हाती द्यायच्या नाहीत अशा दोन वस्तू निवड, त्या कपाटात ठेवू. बाकी सगळं सगळ्यांचं." दोन वस्तू सुरक्षित आहेत म्हटल्यावर उरलेल्या देताना मूल आश्चर्य वाटावं इतकं मोकळं होतं. कपाटात ठेवलेली वस्तू पाहुण्यासमोर काढायची नाही, हा नियम मात्र पाळायला लावावा. भावंडांतही हेच करावं: नवी वस्तू आली की पहिला आठवडा ती फक्त मालकाची. त्या आठवड्यात धाकट्याने रडून आकांत केला तरी आईने मध्ये पडू नये. आठवड्यानंतर मोठा सहसा आपणहून देतो, कारण दाखवायला आणि खेळायला कुणीतरी लागतंच.

देऊन टाकण्यात मुलापेक्षा मोठ्यांचीच मनं आडवी येतात. आजीने दिलेला फ्रॉक नातीने मैत्रिणीला दिला तर आजीला लागतं. मुलीला आधी आजीला विचारायला लावावं: "मला हा लहान झालाय, तिला देऊ?" आजी सहसा हो म्हणते. नाही म्हणाली तर तो फ्रॉक ठेवावा. आणि 'गरिबांना देऊ' म्हणून तुटकी खेळणी गोळा करण्याला देणं म्हणू नये, ती सफाई आहे. चाकं गेलेली गाडी कुणाला आवडेल, असं मुलालाच विचारलं की ढीग आपोआप निम्मा होतो.

पाठ लागू पडतोय का, हे कसं ओळखावं

रकमेवरून ओळखता येत नाही. मुलाच्या प्रश्नांवरून ओळखता येतं. "किती द्यायचे?", "आणखी कुणी कुणी दिले?", "आता झालं ना?" असे प्रश्न येत असतील तर ते कर्तव्य उरकत आहे. "त्याला काय खेळायला आवडतं?", "त्यांच्याकडे मांजर आहे का?" असे येऊ लागले तर ते माणसाचा विचार करत आहे. देताना नजर कुठे जाते तेही पाहावं, आईकडे की घेणाऱ्याकडे. आणि संध्याकाळी कुणी न विचारता मूल ती हकीकत सांगतं का, हे पाहावं.

वर्षातून दोनदा पुरे, एकदा चवथीनंतर आणि एकदा नाताळाच्या सुमारास. दर महिन्याच्या खाऊच्या पैशांना हा पाठ जोडू नये. महिन्याला ठरल्यासारखा तो आला की तिसऱ्या महिन्यात मुलं आईला विचारू लागतात, "या वेळी कुणाला द्यायचं ते तूच सांग ना."

दोन-तीन खेपा होऊनही एखादं मूल काहीच देत नसेल तर स्वभावाला दोष देण्याआधी घरी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पैसे खरंच त्याचे आहेत का. रॅकेट घेऊ का असं विचारल्यावर दर वेळी 'काही नको, घरी आहे ती चालेल' असंच ऐकावं लागत असेल, तर त्याच्याकडे राखण आहे, मालकी नाही. दुसरी, त्याची वस्तू याआधी त्याला न विचारता कुणाला दिली गेली आहे का. असं झालं असेल तर त्याला माणूस शोधायला सांगण्याआधी दोन-चार महिने त्याच्या पैशांना आणि वस्तूंना कुणी हात लावू नये, आणि गेलेल्या वस्तूबद्दल घरच्यांनी त्याच्याकडे एकदा मोकळेपणी चूक कबूल करावी.